डॉमिनो आणि संरक्षणाचे थर

“असुरक्षित कृती रोखली की अपघात टळतो, मग थरांचे प्रारूप वेगळे काय सांगते?”

औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक हाइनरिक अपघाताकडे एकामागोमाग पडणाऱ्या डॉमिनोच्या सोंगट्यांची साखळी म्हणून पाहतो; त्याच्या मांडणीत असुरक्षित कृतीची किंवा स्थितीची सोंगटी काढली की साखळी तुटते. व्यवहारात मात्र चौकशी बहुधा कामगाराच्या कृतीपाशीच थांबते. कन्व्हेयरच्या दुरुस्तीत हात अडकल्याचे उदाहरण घ्या: कामगाराने वीजपुरवठ्याच्या स्विचला कुलूप लावले नाही हे खरे, पण कुलपेच अपुरी होती, पर्यवेक्षकाने जागा न पाहताच वर्क परमिटवर सही केली होती आणि उत्पादन थांबू नये म्हणून संरक्षक जाळी उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक आधीच बायपास केलेला होता. अपघाताआड संरक्षणाचे एकामागे एक थर असतात असे मानणाऱ्या जेम्स रीझनच्या प्रारूपात या उणिवा थरांमधील सुप्त छिद्रे ठरतात आणि कामगार बदलला तरी ती तशीच राहतात. मात्र थर परस्परांपासून स्वतंत्र असतात असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते, कारण उत्पादनाच्या एकाच घाईने येथे परमिट आणि इंटरलॉक दोन्ही निकामी केले.