अनुभव धागा : लग्नाच्या अंगठीच्या आत तुम्ही काय कोरून घेतले?

वसईची नवरी : येत्या जानेवारीत चर्चमध्ये आमचे लग्न आहे. दोघांच्याही साध्या गोल अंगठ्या ३ मिलिमीटर रुंदीच्या आहेत आणि माझ्या अंगठीचे माप १२ नंबर आहे. आतल्या बाजूस ‘तुझ्यासोबत शेवटपर्यंत’ असे कोरून घ्यायचे मनात आहे. परंतु सराफाने कागदावरची ओळ पाहून नुसतीच मान हलवली. ज्यांनी असे काही कोरून घेतले आहे, त्यांनी आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

नगरकर : आमच्या अंगठ्यांत फक्त ‘रूथ १:१६’ एवढेच आहे. तू जाशील तिथे मी येईन, हा त्या वचनाचा आशय नवराबायकोच्या शपथेसाठीच लिहिलेला आहे, म्हणून आम्ही ते निवडले. पूर्ण वाक्य कोरण्याची गरज पडत नाही आणि ज्याला कळायचे त्याला कळते.

रविवार शाळा : नगरकर, निवड सुंदर आहे, पण ते शब्द रूथ आपल्या नवऱ्याला नव्हे, तर सासूला, नामीला उद्देशून म्हणते. माझ्याही अंगठीत तेच वचन आहे, आणि हे कळल्यापासून माझ्या सासूबाई ती अंगठी पाहुण्यांना काढून दाखवायला लावतात.

हातकलम : मी तीस वर्षे कोरीव काम करतो. ताई, तुमच्या सराफाची अडचण लांबीची नसून उंचीची असावी. १२ नंबरच्या अंगठीचा आतला घेर सुमारे ५२ मि.मी. असतो. त्यात हॉलमार्कचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी क्रमांक यांची जागा सोडावी लागते. खालच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवली, तरी ३५ मि.मी. सहज उरतात. तुमची अकरा अक्षरे त्यात मावतील. परंतु ३ मि.मी. रुंदीच्या अंगठीच्या कडा आतून गोलसर असतील, तर सपाट भाग जेमतेम २ मि.मी. मिळतो, आणि तेवढ्यात ‘तु’चा उकार खाली, ‘सो’ आणि ‘शे’ यांच्या मात्रा वर, अशा तीन मजल्यांची सोय करावी लागते. मूळ अक्षर मग एक मि.मी.पेक्षाही लहान होते. ‘र्यं’वरचा रफार आणि अनुस्वार तर एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसेल. इंग्रजी मोठी अक्षरे सुबक येतात, कारण त्यांना वरखाली काही नसते. आपल्याकडे उकार, वेलांटी, मात्रा नसलेले शब्द निवडले, तर तेवढ्याच पट्टीत अक्षर जवळजवळ दुप्पट मोठे काढता येते.

तांब्याभांडे : आमच्या आईने रुखवतातल्या प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि तारीख घालून घेतली होती, ती अक्षरे चाळीस वर्षे घासूनही स्पष्ट आहेत. अंगठीवरही तसेच का करू नये?

हातकलम : भांड्याचा पत्रा वेगळा आणि अंगठी वेगळी, काकू. आतून ठोकले, तर बाहेरच्या बाजूला उठाव दिसण्याची भीती असते.

ठाणेकर : लेझरने करून घ्या, ते कधीच पुसले जात नाही. मात्र पडद्यावरचा नमुना स्वतः वाचून पाहा. आमच्या यंत्राला देवनागरी नीट जुळवता येत नव्हती, त्यामुळे ‘प्रिय’मधली वेलांटी ‘र’च्या नंतर जाऊन बसली आणि सुरुवातीला पाय मोडलेला ‘प्’ उरला. पुढच्या वेळी आम्ही ओळ चित्र म्हणून दिली, तेव्हा अक्षरे ठीक आली.

हातकलम : ‘कधीच’ हे मला मान्य नाही. वरवर मारलेले लेझर म्हणजे काळसर रेघ असते आणि दोनतीनदा आतून पॉलिश झाले की ती फिकी पडते. खोल मारले तर टिकते. हाताच्या कलमाने धातू कापला जातो, म्हणून रेघेत उजेड खेळतो. पण आतल्या वळणावर हात चालवणारे कारागीर आता थोडे उरले आहेत.

दोन बाळांची आई : बोट जाड झाल्यावर माझी अंगठी कापून मधे तुकडा घातला गेला आणि ‘कायम’मधला ‘य’ डाग देताना बुजला. जोड कुठे आहे, हे आधीच विचारून घ्या.

वसईची नवरी : सर्वांचे आभार. काल रात्री आम्ही दोघांनी कागदावर २ मि.मी.ची पट्टी आखून शब्द लिहून पाहिले. पहिल्या भेटीत नायगाव स्थानकावर याने भीतभीत विचारले होते, समुद्रावर येशील का, आणि मी म्हणाले होते, ‘मग चल’. चार अक्षरे आहेत, त्यांना वर काही नाही, खालीही काही नाही. जोडाच्या बरोबर समोर ती घालायची असे ठरले आहे. लेझर की कलम, यावर मात्र आमचे अजून एकमत नाही. त्याला दोन्ही अंगठ्यांत अक्षरे तंतोतंत सारखी हवी आहेत, आणि मला नको आहेत.