मदत हवी आहे: रिमाइंडरचे दोन मजकूर लावून बघितले, कोणता ठेवू?

आरओवाला_सोलापूर

आमचं आरओ सर्व्हिसचं काम आहे. एएमसीच्या गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर रिमाइंडर पाठवतो. अर्धी लोकं उत्तरच देत नाहीत. पोरगा जातो, दाराला कुलूप, परत येतो. पेट्रोलही जातं आणि दिवसही. म्हणून दोन वेगळे मजकूर लावून बघितले.

अ: "नमस्कार, उद्या आपल्या आरओची सर्व्हिस आहे. कृपया कन्फर्म करा."

ब: "नमस्कार, उद्या ११ ते १ मध्ये आमचा माणूस आरओ सर्व्हिसला येईल. घरी असाल तर १ पाठवा. दुसरा दिवस हवा असेल तर २ पाठवा."

अ ६० जणांना गेला, ३१ कन्फर्म. ब ६० जणांना गेला, ४० कन्फर्म. सरळ ब चांगला दिसतोय. सोमवारपासून सगळ्यांना तोच लावू ना? हो की नाही एवढंच सांगा, पुढच्या आठवड्याचा रूट लावायचाय.

कन्ना_चौक

मेसेज कोण वाचतंय हो आजकाल. फोन करा सरळ. आमच्या साड्यांच्या दुकानात पार्टीला फोन गेल्याशिवाय माल उचललाच जात नाही.

आरओवाला_सोलापूर

रोज १२ फोन करायला माणूस नाही दादा. दोनातला कोणता, एवढंच विचारलंय.

मोजणीदार

हो-नाही सांगायच्या आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. अ कोणाला आणि ब कोणाला पाठवायचा हे कशावरून ठरवलं? दोन्ही एकाच दिवशी गेले का? एकेकाला पाठवले की ब्रॉडकास्ट लिस्टने?

आरओवाला_सोलापूर

अ जुळे सोलापूरला, ब विडी घरकुल आणि अशोक चौकाकडे. आमचे रूटच तसे आहेत. अ मंगळवारी गेला, ब गुरुवारी. दोन्ही ब्रॉडकास्टने. याने काय फरक पडतो? दोन्हीकडे आरओ तेच, पोरगा तोच, ६०-६० माणसं.

शेळगीची_स्मिता

फरक पडतो दादा, खूप पडतो. मी विडी घरकुलला लहानाची मोठी झाले. तिथे घरोघरी बायका विड्या वळत बसतात, दिवसभर कोणी ना कोणी घरात असतंच. "११ ते १ मध्ये घरी असाल का" विचारलं तर हो येणारच. जुळे सोलापूरला नवरा-बायको दोघं नोकरीला, घर बंद. तिथे तुम्ही कितीही गोड लिहा, दुपारी ११ ला दार कोण उघडणार?

आणि पाणी! गुरुवारी त्या भागात पाणी होतं का बघा. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी यायच्या दिवशी माणूस घर सोडून जात नाही. उलट जुळे सोलापूरला मंगळवारी पाण्याचा दिवस नसेल तर तो आकडा तसाच खाली येतो.

आरओवाला_सोलापूर

गुरुवारी घरकुलला पाणी होतं. पण मग करायचं काय, दोन्ही भागांना एकाच दिवशी पाणी तर कधीच येत नाही.

दातांचा_दवाखाना

ताईंचं बरोबर, पण मूळ चूक वेगळीच आहे. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, आम्ही हे करून बघितलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तुमच्या ब मध्ये वेळ पण दिलीय आणि १-२ चा पर्याय पण. आता फरक वेळेने पडला की आकड्याने, कसं कळणार? ही चाचणीच बाद. आधी फक्त वेळ घालून बघा, मग फक्त आकडा.

मोजणीदार

बाद नाही म्हणता येणार. त्यांना "का" नकोय, "कोणता ठेवू" एवढंच हवंय. त्यासाठी दोन पूर्ण मजकूर समोरासमोर लावणं चालतं, त्यात चार गोष्टी वेगळ्या असल्या तरी. एकेक बदल वेगळा तपासायचा तर दर वेळी पुन्हा तेवढीच माणसं लागतील, आणि छोट्या धंद्यात माणसंच कमी असतात.

खरी अडचण स्मिताताईंनी सांगितली तीच. इथे अ विरुद्ध ब असं झालंच नाही. जुळे सोलापूर मंगळवार विरुद्ध घरकुल गुरुवार असं झालं.

आरओवाले दादा, एक तपासा. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. बाकीच्यांना काहीच दिसत नाही, आणि तुम्हाला वाटतं ६० ला गेला. तो मेसेज दाबून धरा, माहितीत जा, किती जणांना पोचला ते दोन्ही लिस्टचं बघून सांगा.

विजापूर_रोड_७

आरओचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस १२०० च्या वर. वर्षात मेंब्रेन जातो. सर्व्हिसवाला दर वेळी नवीन घालायला सांगतो. खरंच लागतो का?

कन्ना_चौक

१२०० ला वर्षभर टिकला म्हणजे नशीब समजा. आधी सॉफ्टनर बसवा.

विजापूर_रोड_७

सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही हो.

कन्ना_चौक

टीडीएस नाही, खर तरी बसत नाही ना मेंब्रेनवर. मी तेच म्हणतोय.

आरओवाला_सोलापूर

मेंब्रेनचं नंतर सांगतो साहेब, वेगळा धागा काढा. इनलेट आणि आउटलेट दोन्हीचा टीडीएस त्यात लिहा.

मोजणीदार, बघितलं. जुळे सोलापूरच्या लिस्टमध्ये १३ जणांना पोचलाच नाही. घरकुल-अशोक चौकाच्या लिस्टमध्ये ४ जणांना नाही. जुळे सोलापूरला नवीन अपार्टमेंटची गिऱ्हाइकं जास्त आहेत, त्यांनी नंबर सेव्ह केला नसणार. जुनी गिऱ्हाइकं सगळी पूर्व भागात.

मोजणीदार

मग आकडे पुन्हा मांडून बघा. अ पोचला ४७ जणांना, त्यातले ३१ हो म्हणाले, म्हणजे शंभरात ६६. ब पोचला ५६ जणांना, ४० हो, म्हणजे शंभरात ७१. ६० वर भागलं तेव्हा ५२ आणि ६७ दिसत होते. पंधराचं अंतर पाचावर आलं, आणि घरकुलचा पाण्याचा दिवस अजून हिशेबात धरलेलाच नाही. त्यामुळे ब चांगला आहे असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. वाईट आहे असंही नाही.

दुसरं. समजा सगळं सारखं असतं, मेसेज सगळ्यांना पोचले असते, तरी ३१ आणि ४० हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. घरी करून बघा. १२० चिठ्ठ्या घ्या, ७१ वर "हो" लिहा, नीट मिसळा आणि ६०-६० चे दोन ढीग करा. इथे मजकुराचा काही संबंधच नाही. तरी साधारण दर सात वेळांत एकदा दोन ढिगांत ९ किंवा त्याहून जास्त "हों"चा फरक पडेल.

आता करायचं असं. भाग वाटू नका, दिवस वाटू नका, रोजची यादी वाटा. उद्याची १२ घरं आहेत ना, ६ चिठ्ठ्यांवर अ आणि ६ वर ब लिहून प्रत्येक नावासमोर एकेक काढा. एकाच गल्लीतले, त्याच पाण्याच्या दिवसाचे, निम्मे अ आणि निम्मे ब. पाणी आलं तर दोघांना, लाइट गेली तर दोघांना. ब्रॉडकास्ट बंद. एकाच फोनवरून, संध्याकाळी एकाच वेळेला, एकेकाला पाठवा. कार्डावर अ किंवा ब लिहून ठेवा. उत्तर मोजायची वेळ आधीच ठरवा, समजा रात्री ९ पर्यंत. आणि भागायचं ते पाठवलेल्या सगळ्यांवर. एकेकाला पाठवल्यावरही ज्याला पोचला नाही तो त्याच्या गटातच मोजायचा.

दातांचा_दवाखाना

चिठ्ठ्यांची एवढी कटकट कशाला? मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर अ, विषम असेल तर ब. आम्ही तसंच केलं. आणि महिनाभर थांबायची गरज नाही, रोज संध्याकाळी बेरीज बघायची. एक मजकूर स्पष्ट पुढे गेला की बंद करायचं. आमचं नऊ दिवसांत ठरलं होतं.

मोजणीदार

सम-विषम चालेल, चांगली युक्ती आहे. फक्त एका घरात दोन नंबर असतील तर कार्डावरचाच धरा, सोयीचा नको.

रोज बघून थांबायला मात्र माझा ठाम विरोध आहे. दोन मजकूर अगदी सारखे असले तरी महिनाभरात कधी ना कधी एखादा पुढे दिसतोच. नेमकं त्या दिवशी थांबलात तर तो योगायोगच विजेता ठरतो. किती माणसांवर थांबायचं ते आज ठरवा. खरा फरक शंभरात १५ चा असेल तर तो ओळखायला प्रत्येक मजकुराला १७० च्या आसपास माणसं लागतात. १० चाच असेल तर ४०० च्या घरात.

दातांचा_दवाखाना

आमचा त्यानंतर वर्षभर तोच मजकूर चालू आहे, काही बिघडलं नाही.

मोजणीदार

बिघडलं नाही हे खरं असेल. पण दुसरा मजकूर त्याहून बरा होता का, हे आता तुम्हाला कळायला मार्ग नाही.

आरओवाला_सोलापूर

रोज १२, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ३००. १७० दोन्हीकडे म्हणजे ३४०. महिना उलटून थोडे दिवस. एवढं जमेल. ४०० जमणार नाही, गिऱ्हाइकंच तेवढी नाहीत.

मोजणीदार

मग १७० वर थांबा. तिथे फरक स्पष्ट दिसला नाही तर मोठा फरक बहुधा नाही एवढं समजेल, छोटा असेल तर तो हाती लागणार नाही. फक्त मधे गड्डा यात्रेचा आठवडा येऊ देऊ नका. अ-ब दोघांनाही तो सारखाच लागेल, पण त्या दिवसांत कोण घरी आहे त्याचं बाकीच्या वर्षाशी काही नातं नसतं.

शेळगीची_स्मिता

मी अजून एक सांगते. पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात. आजी-आजोबा मराठी बोलतात, पण मराठी मेसेज वाचत बसत नाहीत. तेलुगूत पाठवून बघा, अ आणि ब दोन्हीपेक्षा जास्त उत्तरं येतील.

मोजणीदार

येतीलही. पण ती तिसरी चाचणी होईल, आणि ती फक्त तेलुगू घरांतच अर्धी-अर्धी करावी लागेल. आत्ता नको.

कन्ना_चौक

मला सांगा, १ पाठवला आणि तरी कुलूप निघालं तर? बोटाने १ दाबणं सोपं आहे. "कृपया कन्फर्म करा"ला ज्याने बसून उत्तर लिहिलं तो माणूस जास्त पक्का. तुम्ही कन्फर्म मोजताय, पेट्रोल तर कुलपाने जातंय.

मोजणीदार

हा मुद्दा मला पटला. कार्डावर अजून एक रकाना करा: दार उघडं मिळालं की नाही. मात्र ब मध्ये २ आला की तुम्ही त्या दिवशी जाणारच नाही. मग ती फेरी वाचली म्हणून ब च्या बाजूने धरायची की सोडून द्यायची, हे आधी ठरवावं लागेल. मी धरेन.

दातांचा_दवाखाना

मी नाही धरणार. २ वाला परत कधी येतो ते बघा, आमच्याकडे निम्मे येतच नाहीत.

आरओवाला_सोलापूर

माझी फेरी वाचली की माझे पैसे वाचले, मी धरतो. २ वाल्याला लगेच दुसरी तारीख द्यायला लावतो पोरीला.

सोमवारपासून सुरू करतो, शेवटच्या आकड्याने सम-विषम. एक शंका राहिली. जुळे सोलापूरला एका अपार्टमेंटमध्ये माझी नऊ गिऱ्हाइकं आहेत, त्यांचा एकच ग्रुप आहे. एकाला वेळ दिली आणि दुसऱ्याला नाही, तर मला फोन येणार "आम्हाला वेळ का नाही सांगितली" म्हणून. त्यांचं काय करू?

मोजणीदार

ती पूर्ण बिल्डिंग एकाच बाजूला टाका. अ की ब ते नाणं उडवून ठरवा, आणि कार्डावर बिल्डिंगचं नाव लिहा. ते नऊ जण शेवटी नऊ वेगळी माणसं म्हणून मोजायचे नाहीत. त्यांना बाजूला ठेवून एकदा हिशेब करा, धरून एकदा करा. दोन्हीत उत्तर बदललं तर इथे लिहा.