अनुभव धागा: ऑफिसच्या चॅटवर काय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय?

निळी_छत्री:
मागच्या गुरुवारी क्लायंटच्या कॉलमध्ये मी अख्खी स्क्रीन शेअर केली होती. नऊ जण बघत असताना खाली कोपऱ्यात टीम्सची चौकट उगवली: "हा कुर्ता घालून येत जाऊ नकोस, कोडमध्ये चुका होतात." चार-पाच सेकंदच राहिली, पण तेवढ्यात वाचून झाली सगळ्यांची. क्लायंट भला माणूस, बिल्डच्या तारखेबद्दल विचारत राहिला.

लिहिणारा दुसऱ्या टीममधला आहे आणि मला आवडतो, म्हणून तक्रारीचा प्रश्न नाही. टीम्सवर फक्त चहाचं, बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर असं आम्ही ठरवलं. सोमवारी टीम्सवर आलं, "पाऊस बघ. एकटीने चहा पिऊ नकोस." आता हे चहाचं की बाकीचं? तुम्ही रेघ कुठे मारता?

मध्यमवर्गीय_मांजर:
एवढं काय! पाठवायचं, वाचून झालं की डिलीट. गेलं ते गेलं. मी दहा वेळा केलंय.

रात्रपाळी:
मांजरताई/दादा, तुमच्या स्क्रीनवरून गेलं. कंपनीने संदेश जपून ठेवायचं धोरण लावलेलं असेल तर मूळ प्रत मागे राहते. तुम्हाला दिसत नाही, शोधणाऱ्याला सापडते. बदललेल्या संदेशाचंही तेच. मी अ‍ॅडमिन आहे. आम्ही बसून कुणाच्या गप्पा वाचत नाही, तेवढा वेळ नाही आणि परवानगीही नाही. पण एचआर आणि लीगलकडून लेखी आलं की दोघांची नावं आणि तारखा टाकायच्या, सगळं ओळीने निघतं. आजवर दोनदा काढून दिलंय. दुसऱ्या वेळी त्यात माझ्या मित्राचं नाव होतं.

बाकी ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडत असाल तर त्याचीही चौकट कॉलमध्ये तशीच उगवते. अख्ख्या स्क्रीनऐवजी एकच खिडकी शेअर करा.

दोन_डबे:
आमची वेगळीच गंमत. मी आणि बायको एकाच कंपनीत. "येताना कोथिंबीर आण" आणि पुढे बदाम, हे चुकून तिच्या मॅनेजरला गेलं. त्यांनी अंगठा दिला. हे फ्लर्टमध्ये येतं का?

वाड्यातली_काकू:
कोथिंबीर आली का, ते आधी सांगा.

मी पुण्यातल्या एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर आहे. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अ‍ॅप कुठलं हे विचारत नाही. ते समोरच्या बाईला नको होतं का, हे विचारतो. त्यामुळे "ते तर प्रायव्हेट व्हॉट्सअ‍ॅप होतं" हा बचाव आमच्यासमोर टिकत नाही.

एक प्रकरण सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. टीम्सवर तो "प्रेझेंटेशन झकास" लिहायचा, ती "हाहा" किंवा अंगठा द्यायची. मग त्याने टीमच्या सहलीच्या ग्रुपमधून तिचा नंबर उचलला. रात्री १०:४० ला "झोपलीस?" उत्तर नाही. सकाळी तिच्याकडून, "फाइल पाठवली आहे." पुन्हा रात्री, "डीपी बदललास, छान." सकाळी, "रिव्ह्यू ३ वाजता." तो म्हणाला, तिने एकदाही नाही म्हटलं नाही. आम्ही दोन्हीकडचं तारखेप्रमाणे एका कागदावर मांडलं. नंबर उचलल्यापासून त्याचे २३ संदेश, तिचे ६, आणि सहाही कामाचे. तिची रजा तो मंजूर करायचा. कागद समोर ठेवल्यावर तो स्वतःच गप्प झाला.

म्हणून मी ओळींपेक्षा उडी कुठे मारली ते बघते. नंबर तिने दिला की कुठूनतरी काढला? टीम्सवर "नंबर देतेस?" विचारलं आणि "इथेच बोल ना" आलं, तर ते उत्तर आहे. आणि तक्रार करायची असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात.

टपरी_क्र_७:
काकू, पटलं, पण "नंबर देतेस?" हेच टीम्सवर लिहायला हात धजत नाही. मी लिफ्टपाशी तोंडी विचारलं. ती हो म्हणाली. नंतर वाटलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने हो म्हणावं तसं तर नव्हतं? शिवाय बाईने पुरुषाला असं लिहिलं तर?

वाड्यातली_काकू:
या कायद्यात तक्रारदार बाईच. आमच्या कंपनीचं धोरण सगळ्यांना लागू आहे, तुमचं बघून घ्या. लिफ्टचं मलाही ठरवता येत नाही. पायऱ्यांवर विचारलं असतंत तर बरं.

निळी_छत्री:
काकूंचं वाचून त्याला विचारलं, माझा नंबर तुला कुठून मिळाला रे? "ट्रिपच्या एक्सेल शीटमधून." म्हणजे मी कधी दिलाच नव्हता! आवडत होता म्हणून माझ्याही डोक्यात आलं नाही. म्हटलं, काढून टाक आणि रीतसर माग. आज टीम्सवर मागितलाय, "कृपया" लावून. अजून दिलेला नाही. उद्या चार वाजता चहाला जातोय.