मदत हवी आहे: प्रबंधात आलेख छापायला प्रकाशकाची परवानगी, पत्र असं चालेल का?

कोयनेची_लेक
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, शिवाजी विद्यापीठात भूगोलात पीएच.डी. करतेय. प्रबंध मराठीत आहे, विषय कोयना धरण आणि भूकंप. तिसऱ्या प्रकरणात एका इंग्रजी पुस्तकातला आलेख हवा आहे. त्यात शिवसागर जलाशयाची पाणीपातळी आणि भूकंपाच्या धक्क्यांची संख्या एकाखाली एक मांडली आहे, पार 11 डिसेंबर 1967 च्या 6.3 रिश्टरच्या भूकंपापर्यंत. तो आलेख डोळ्यांसमोर असला की चार पानांचा मजकूर लिहायचा वाचतो.

गाईड म्हणतात, खाली संदर्भ दे, झालं. ग्रंथालयातल्या मॅडम म्हणतात, प्रबंध शोधगंगेवर जाणार, तेव्हा प्रकाशकाचं पत्र आण. प्रकाशक परदेशी आहे. पत्र इंग्रजीत पाठवीन, पण मजकूर असा धरलाय:

"महोदय, मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. आपल्या पुस्तकातील काही आकृत्या शैक्षणिक कामासाठी वापरू इच्छिते. कृपया परवानगी द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजेन."

बरोबर आहे का?

कंदी_पेढा
ताई, पत्रबित्र काही लागत नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52. संशोधनासाठी वापर चालतो. साताऱ्यात आमच्या ओळखीच्या तिघांनी असेच प्रबंध दिले, कुणी विचारलं नाही.

जुना_ग्रंथपाल
पेढेसाहेब, कलम बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. 52 मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी सूट आहे आणि संशोधन त्यातच धरलंय. टीका-समीक्षेसाठीही आहे. ताईंनी तो आलेख झेरॉक्स काढून टेबलावर लावला तर कुणी हात लावणार नाही. पण शोधगंगेवरची पीडीएफ जगातला कुणीही उतरवून घेतो, त्याला वैयक्तिक उपयोग म्हणणं अवघड. आलेखाची चिकित्सा केलीत तर समीक्षेचा मुद्दा मांडता येईल, पण तो वाद घालण्यापेक्षा पत्र सोपं. कुणी विचारलं नाही म्हणजे परवानगी होती असं नव्हे.

कोयनेची_लेक, पत्रातलं शेवटचं वाक्य आधी काढा. गप्प बसणं म्हणजे होकार, हे इथं चालत नाही, परवानगी लेखीच लागते. आणि एक सांगा, पुस्तकात त्या आलेखाखाली बारीक अक्षरात काय छापलंय? शब्दशः लिहा.

मिरज_जंक्शन
माझंही असंच आहे हो. माझाच पेपर, माझीच आकृती, आणि माझ्याच प्रबंधात टाकायला परवानगी घ्या म्हणतात! कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केली तेव्हा वाचलंच नव्हतं.

जुना_ग्रंथपाल
तुमची गोष्ट वेगळी आहे. हक्क लिहून दिला म्हणून मालक बदलला, पण बरेच प्रकाशक लेखकाला स्वतःच्या प्रबंधापुरती मोकळीक देतात. त्या सही केलेल्या फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं, तेवढं शोधा.

कोयनेची_लेक
आलेखाखाली एका जुन्या नियतकालिकातल्या लेखाचं नाव, वर्ष आणि "च्या परवानगीने" असं आहे.

जुना_ग्रंथपाल
मग तुमचं पत्र चुकीच्या दारात चाललंय. पुस्तकाच्या प्रकाशकाने तो आलेख स्वतःच उसना घेतलाय. त्याला परवानगी मिळाली ती त्या पुस्तकापुरती. ती पुढे तुम्हाला द्यायचा हक्क बहुधा त्याच्याकडे नाही. मूळ लेख शोधा आणि ते नियतकालिक आज कोण छापतंय ते पाहा, कारण मधल्या काळात मालक बदललेले असतात. बऱ्याच नियतकालिकांच्या पानावर हक्क आणि पुनर्मुद्रणाची लिंक असते, तिथून ऑनलाइन फॉर्म उघडतो. त्यात "प्रबंध" निवडलं की पुष्कळदा शुल्क शून्य दाखवतं आणि परवान्याची पीडीएफ मिळते. ती जपून ठेवा.

फॉर्म नसेल तर पत्र असं:

"मी शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर येथे पीएच.डी. करीत आहे. माझ्या प्रबंधात (पूर्ण शीर्षक) आपल्या (नियतकालिक, खंड, वर्ष, लेख, पृष्ठ) मधील आकृती क्र. अमुक वापरण्याची परवानगी हवी आहे. आकृती पूर्ण छापली जाईल. अक्षांवरील इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द येतील, अन्य बदल नाही. प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठात राहतील आणि इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगा या खुल्या भांडारात कायम राहील. त्याची विक्री होणार नाही. आकृतीखाली द्यायची ओळ आपण सुचवाल तशी देईन. हक्क आपल्याकडे नसल्यास कोणाकडे आहेत ते कृपया कळवावे."

"काही आकृत्या" असं लिहू नका. तिकडच्या माणसासमोर अशी रोज ढीगभर पत्रं येतात, आकृतीचा क्रमांक नसला की ते उत्तरात आधी तोच विचारतात आणि तुमचे दोन आठवडे जातात. ऑनलाइन प्रतीचा उल्लेख तर हवाच. नुसतं "प्रबंधासाठी" लिहिलंत आणि त्यांनी छापील प्रतीपुरतीच परवानगी दिली, तर मॅडम परत पाठवतील.

कंदी_पेढा
एवढ्यापेक्षा एक्सेलमध्ये तोच आलेख नव्याने काढा की! आपलीच आकृती झाली, विषय संपला.

जुना_ग्रंथपाल
हे चांगलं सुचवलंत, पण कशावरून काढणार त्यावर सगळं आहे. पाणीपातळीचे आणि धक्क्यांचे मूळ आकडे मिळवून स्वतः मांडले तर आकृती ताईंचीच. आकड्यांवर कुणाचा हक्क नसतो, खाली फक्त आकडे कुठून घेतले ते लिहायचं. पण छापील आलेखावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ गिरवली, तेच अक्ष, तीच मांडणी, तर ते रूपांतर होतं आणि त्यालाही परवानगी लागते. ताई, आकडे मिळतील का?

कोयनेची_लेक
पाणीपातळीचे मिळतील. धक्क्यांच्या 1967 पर्यंतच्या आठवडावार नोंदी मात्र माझ्याकडे नाहीत.

सांगलीची_वांगी
मूळ लेखकालाच मेल टाका ना. माझ्या भावाला लेखकाने एका दिवसात "खुशाल वापरा" म्हणून कळवलं होतं.

जुना_ग्रंथपाल
विचारायला हरकत नाही, पण लेखकाने हक्क नियतकालिकाला दिले असतील तर त्याचा होकार पुरत नाही. लेख खुल्या परवान्याचा असला तर कुणालाच विचारावं लागत नाही, फक्त श्रेय द्यायचं. तरी ज्या परवान्यात ND ही अक्षरं असतात त्यात फेरफार केलेली आकृती पसरवायला मुभा नाही. मराठी शब्द घालणं त्यातच येईल असं मला वाटतं.

कोयनेची_लेक (तीन आठवड्यांनी)
अपडेट देते. पुस्तकाच्या प्रकाशकालाही पत्र टाकलंच होतं, म्हटलं बघू. उत्तर आलं: ही आकृती आमची नाही, मूळ नियतकालिकाकडे जा. म्हणजे काका म्हणाले तसंच झालं.

नियतकालिकाच्या फॉर्मवर प्रबंध, एक आकृती, छापील आणि इलेक्ट्रॉनिक असं निवडलं, शुल्क शून्य दिसलं. पण "भाषांतर करणार का" या रकान्यात हो म्हटल्यावर परवाना आपोआप निघेना, विनंती माणसाकडे गेली. अजून उत्तर नाही आणि प्रबंध जमा करायला दीड महिना राहिलाय. सध्या ठरवलंय की रकान्यात नाही म्हणून मूळ इंग्रजी आलेखच घ्यायचा, आणि खाली माझ्या मजकुरात अक्षांचा अर्थ मराठीत द्यायचा.

जुना_ग्रंथपाल
तसं केलंत तर परवाना आत्ता मिळेल. आकृतीला हात लावू नका, मराठी अर्थ तुमच्या परिच्छेदात ठेवा. परवान्यात श्रेयाची ओळ ज्या शब्दांत मागितलीय त्याच शब्दांत आकृतीखाली द्या आणि पीडीएफ परिशिष्टात लावा.

मिरज_जंक्शन
माझ्या फॉर्ममध्ये सापडलं! प्रबंध चालतो म्हणे. पण त्यातली एक आकृती आम्ही दुसऱ्या पेपरातून घेतली होती, तिचं काय?