मिड-क्रेडिट सीन आणि पुढचे पिक्चर

> "अँट-मॅन अँड द वास्पच्या मिड-क्रेडिट सीनमध्ये सगळे राख होतात, ते फक्त धक्का द्यायलाच ना? त्याचा पुढच्या पिक्चरशी असा काय संबंध?"

धक्का आहेच, पण खरं काम त्याच्या आधीच्या मिनिटभरात झालंय. स्कॉट, म्हणजेच अँट-मॅन, आजारी घोस्टसाठी हीलिंग पार्टिकल्स आणायला क्वांटम रेल्म या अणूहून सूक्ष्म जगात उतरतो आणि तेवढ्यात जॅनेट जाता जाता सांगते की टाइम व्हॉर्टेक्समध्ये अडकू नकोस. थिएटरमध्ये आपण ते ऐकून सोडून देतो, पण पुढच्या पिक्चरमधल्या, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेममधल्या, अख्ख्या टाइम ट्रॅव्हलचं बी तिथंच पेरलंय. मग काउंटडाउन मध्येच थांबतो, वर त्याचे साथीदार हँक, जॅनेट, होप तिघंही राख, आणि स्कॉटला बाहेर काढायला कोणीच उरत नाही.

आता तारखा बघा. इन्फिनिटी वॉर एप्रिल 2018, हा जुलै 2018, एंडगेम एप्रिल 2019. इन्फिनिटी वॉरमध्ये थॅनोस एका चुटकीत अर्धी जीवसृष्टी राख करतो, इथली मुख्य गोष्ट त्या चुटकीच्या आधीची, त्यामुळे पिक्चर हलकाफुलका राहू शकला आणि दोन्ही टाइमलाइन एकमेकांना भेटतात त्या फक्त या सीनमध्ये. एंडगेममध्ये एक उंदीर व्हॅनमधल्या मशीनवरून पळतो आणि स्कॉट बाहेर येतो, बाहेर 5 वर्षं गेलेली आणि त्याच्यासाठी फक्त 5 तास! या फरकावरूनच तर टाइम हाइस्टची, म्हणजे भूतकाळात जाऊन इन्फिनिटी स्टोन्स आणायची, आयडिया निघते.

मिड-क्रेडिट चुकवलेल्याचं अडत नाही म्हणा, कारण स्कॉट एंडगेममध्ये नताशा आणि स्टीव्हला सगळं परत सांगतो. आणि अगदी शेवटचा सीन, मुंगी ड्रम वाजवते तो, निव्वळ टाइमपास आहे, त्यात क्लू शोधत बसू नका 😄