अनुभव धागा: ४० मिनिटांच्या स्लाइड्स ५ मिनिटांत बसवताना काय ठेवायचं, काय जोडायचं, काय काढायचं?

धरमपेठी
काटोलकडच्या संत्रा उत्पादकांच्या एका शेतकरी कंपनीची ३४ स्लाइड्सची फाइल समोर आहे. सभासदांच्या सभेसाठी केलेली, ४० मिनिटांची. आता तीच नागपुरात कर्ज समितीपुढे ५ मिनिटांत मांडायची आहे. मागणी एकच: ग्रेडिंग-वॅक्सिंगच्या शेडसाठी कर्ज.
फाइल अशी: १ ते ४ ओळख, ५ ते ९ कंपनी, १० ते १५ संत्र्याचं पीक आणि बहार, १६ ते २१ तोडणीनंतरचं नुकसान, २२ ते २७ शेड आणि यंत्रं, २८ ते ३१ खर्च आणि परतफेड, ३२ ते ३४ फोटो आणि आभार.
असं कापकाम केलेल्यांनी नेमकी पद्धत लिहा. ‘सराव करा’ एवढंच नको, ते ठाऊक आहे.

फुटाळा
सोपं आहे. मिनिटाला एक स्लाइड. पाच महत्त्वाच्या ठेवा, बाकीच्या २९ लपवा.

सावजी_रस्सा
भाऊ, फाइल जड झाली असंन तर आधी फोटो लहान करा. `Compress Pictures` मध्ये ईमेलचा पर्याय घेतला की ४० एमबीची फाइल बरीच खाली येते.

धरमपेठी
४० मिनिटं हो, एमबी नाही. 😄 पण फोटोवाल्या फाइलला तेही लागेलच.

वर्धा_रोड
फुटाळा, आकडा जवळपास बरोबर आहे, हिशोब नाही. ठिकाणाचा नकाशा १० सेकंदांत संपतो, परतफेडीचा तक्ता दीड मिनिट खातो. म्हणून स्लाइड मोजू नका, सेकंद वाटा. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यातले ३० उभं राहणं, माइक आणि पहिला क्लिक यांत जातात. उरले २७०. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर बोलण्याचा मजकूर साडेपाचशे शब्दांच्या आसपास बसतो. तो आधी कागदावर लिहा, स्लाइडला हात नंतर.

आता निवड. ‘ही स्लाइड महत्त्वाची आहे का’ असं विचारलं की ३४ च्या ३४ महत्त्वाच्या निघतात, कारण प्रत्येक कुणीतरी मेहनतीने केलेली असते. प्रश्न असा विचारा: ही काढली तर समितीचा होकार-नकार बदलेल का? समितीला तीन गोष्टी कळायला हव्यात. पैसे कशाला, ते परत कुठून येणार, आणि शेड चालवणार कोण. मूळ फाइल शेतकऱ्यांसाठी होती, त्यांचे प्रश्न वेगळे होते. म्हणून तिचा क्रम इथे चालणार नाही.

`Slide Sorter` उघडा आणि प्रत्येक स्लाइडसाठी एक वाक्य लिहा, क्रियापदासकट. ‘नुकसान’ हे वाक्य नाही. ‘वेगवेगळ्या आकाराची फळं एकत्र गेल्याने कळमन्याच्या बाजारात भाव पडतो’ हे वाक्य आहे. ज्या स्लाइडचं वाक्यच होत नाही ती गळते. इथे १ ते ४ आणि ३२ ते ३४ तिथेच जातील.

फुटाळा
मग नुकसानाच्या सहा स्लाइड्स? त्या एकावर आणा ना. सहा छोटे आलेख, दोन ओळींत तीन-तीन.

वर्धा_रोड
ते जोडणं नव्हे, ते गाठोडं. अक्षर १० पॉइंटवर येईल आणि मागच्या रांगेला रंगीत ठिपके दिसतील. दोन स्लाइड्स खरंच जुळल्या का हे ओळखायला शीर्षक लिहून बघा. ‘आणि’ न वापरता एका वाक्यात बसलं तरच जुळल्या.

१६ ते २१ मध्ये काय आहे बघू. फळ ओढून तोडल्याने देठाशी साल फाटणं, क्रेट न वापरता ढीग भरणं, वाहतुकीत दबणं, बाजारात थांबून राहणं, आकारांची सरमिसळ, सड. यातलं शेडमुळे काय थांबतं? आकाराची सरमिसळ पूर्णपणे. वॅक्सिंगमुळे साल सुकणं मंदावतं, म्हणून थांबून राहिल्याचा तोटा काहीसा कमी. देठाची फाटलेली साल शेड दुरुस्त करत नाही, तिला कातरीने तोडणीच लागते. म्हणून सहातल्या दोनच राहतील, एका वाक्याखाली.

मानेवाडा_चौक
इथे पटलं नाही. तोडणीतलं नुकसान वगळलं आणि समितीत फलोत्पादनातला कुणी असला, तर पहिला प्रश्न तोच येईल. लपवल्यासारखं दिसतं.

वर्धा_रोड
शक्य आहे. ती स्लाइड शेवटी `Hide Slide` करून ठेवा. दाखवताना तिचा क्रमांक टाइप करून Enter दाबलं की लपवलेली असली तरी उघडते. क्रमांक हातातल्या चिठ्ठीवर हवेत. बोलताना एक वाक्य उल्लेख करायचा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

पण सगळ्यात मोठी चूक १० ते १५ मध्ये होते. संत्र्याची ओळख नागपुरात कुणाला करून द्यायची, म्हणून सगळे तो भाग सरसकट उडवतात. त्यातलं बहारांचं कॅलेंडर मात्र राहायला हवं. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणजे कंपनीकडे पैसा वर्षातून दोनदा येतो. परतफेडीच्या स्लाइडवर दरमहा समान हप्ते दाखवले की विचारणारा विचारेलच, जून-जुलैचा हप्ता कशातून? म्हणून १३ वरची कॅलेंडरची पट्टी उचलून ३० वरच्या हप्त्यांच्या खाली ठेवा, महिन्याखाली महिना जुळवून. हप्ते बहाराप्रमाणे मागायचे की मधल्या महिन्यांसाठी शिल्लक दाखवायची, ते तिथेच दिसतं.

शेवटी पाच राहतात. मागणीची रक्कम आणि जागा ३० सेकंद, शेडमुळे थांबणारं नुकसान ७५, क्रेट आत येण्यापासून पेटी बाहेर जाईपर्यंतचं एकच रेखाचित्र ६०, परतफेड आणि बहार ७५, शेड कोण चालवणार ३०. बेरीज २७०.

पीएचडी_तिसरं_वर्ष
माझ्याकडे ४० मिनिटांचं प्रगती सादरीकरण आहे. गाईड म्हणतात पूर्वसंशोधन काढायचं नाही. हेच लावू का?

वर्धा_रोड
तिथे ऐकणाऱ्याला कर्ज द्यायचं नाही, त्यामुळे गाळणी वेगळी. पूर्वसंशोधनाच्या आठ स्लाइड्सचं एकच वाक्य करा, ‘अमुक मोजलं गेलेलं नाही’, आणि ते तुमच्या पद्धतीच्या स्लाइडचं शीर्षक करा. काढलं असंही होत नाही.

सावजी_रस्सा
बावा, एक सांगतो, मूळ फाइलवर काम करू नका. `Save As` करून घ्या. आणि `Rehearse Timings` लावून वेळ जतन केली, तर नंतर `Use Timings` ची खूण काढा. नाहीतर प्रश्न सुरू असताना स्लाइड आपोआप पुढे पळते. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट नसला तर ओळी तुटतात; पीडीएफ सोबत ठेवा. पण पीडीएफमध्ये लपवलेल्या स्लाइड्स येण्या-न येण्याचा पर्याय वेगळा असतो, तो बघून घ्या.

मानेवाडा_चौक
जुन्या स्लाइडवरचे अ‍ॅनिमेशनही काढा. परतफेडीच्या स्लाइडवर नऊ क्लिक असले तर ७५ सेकंदांत ते बसत नाहीत, आणि मधला क्लिक चुकला की कॅलेंडरच्या आधीच हप्ते दिसतात.

धरमपेठी
बहारांच्या पट्टीचं आमच्या लक्षातच आलं नसतं. पण एक अडलंय. रक्कम पहिल्याच स्लाइडवर सांगायची म्हणता, कंपनीचे अध्यक्ष म्हणतात आधी नुकसान दाखवा, आकडा ऐकून समिती दचकेल.

फुटाळा
अध्यक्ष बरोबर. आधी दुखणं, मग औषध.

वर्धा_रोड
अर्ज समितीकडे आधीच गेलाय का? गेला असेल तर रक्कम त्यांच्या कागदावर आहे, लपवून उपयोग नाही. नसेल गेला तर अध्यक्षांच्या म्हणण्यात दम आहे. ते कळवा, मग पहिल्या-दुसऱ्या स्लाइडची अदलाबदल बघू.