मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड आणि बाळाचं कव्हर

"पॉलिसी जून २०२३ ची, मॅटर्निटीला २४ महिने वेटिंग. डिलिव्हरी मे २०२५ मध्ये. बाळाला एनआयसीयूत ठेवावं लागलं तर तो खर्च तरी मिळेल ना?"

बहुधा नाही. वेटिंग मोजताना दिवस गेल्याची नव्हे, सहसा डिलिव्हरीची तारीख बघतात. मेमध्ये २४ महिने भरत नाहीत, म्हणून डिलिव्हरीचा क्लेम बसणार नाही. खरी मेख पुढे आहे. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींत बाळाला पहिल्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंत आईच्या विम्यातून कव्हर मिळतं, पण आईचा मॅटर्निटी क्लेम मान्य होत असेल तरच. तो नसेल तर बाळाला साधारण ९१व्या दिवसानंतर, जादा प्रीमियम भरून पॉलिसीत घेतात. एनआयसीयूचं बिल मात्र पहिल्याच आठवड्यात येतं!

तुमच्या किंवा मिस्टरांच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे का? तिथे हे वेटिंग बहुतेकदा माफ असतं आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं. फक्त एचआरला बाळाचं नाव वेळेत कळवा. मुदत अनेकदा ३० दिवसांचीच असते, बारशाची वाट बघू नका. 'बेबी ऑफ' अमुक असं लिहूनही नोंद होते.